तीन कामांचा पोर्टफोलिओ डेक: कागदापासून पीडीएफपर्यंत

फ्रीलान्स डिझायनरचा पोर्टफोलिओ कोण बघतं? कॉलेजात असताना प्राध्यापक बघतात, नोकरीच्या वेळी आर्ट डायरेक्टर बघतो. स्वतःचा व्यवसाय सुरू केला की तो बघतो तासगावचा बेदाणा व्यापारी. त्याला किरकोळ विक्रीची पाकिटं काढायची असतात, कुणीतरी तुमचा नंबर दिलेला असतो, आणि तो गोदामात उभा राहून मोबाईलवर अंगठ्याने पानं सरकवत असतो. त्याला ग्रिड, कर्निंग यातलं काही कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की आपली अडचण या माणसाला समजेल का, आणि पैसे दिल्यावर हातात काय पडेल.

पुढची कृती अशा वाचकासाठी आहे. एक नमुना धरून चालू. कोल्हापुरात राहणारी एक डिझायनर आहे. ती लेबलं, पाकिटं आणि छपाईची कामं करते. तिला याच बेदाणा व्यापाऱ्याला डेक पाठवायचा आहे. तिच्याकडे दाखवण्यासारखी आठ-दहा कामं आहेत, डेकमध्ये जाणार तीन. नमुन्यातली माणसं, कामं आणि आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या कामातून यावेत.

कामं निवडा आणि त्यांचा क्रम लावा

सगळ्यात देखणी तीन कामं निवडायची, हा मोह आवरा. निवडताना आधी एक प्रश्न विचारा: या कामात मी घेतलेला एखादा निर्णय बोट ठेवून दाखवता येईल का? लोगो सुंदर आहे, पण तो असाच का झाला याचं उत्तर ‘मालकांना आवडला’ एवढंच असेल, तर त्या कामाला डेकमध्ये जागा नाही.

आपल्या डिझायनरने ही तीन निवडली. पहिलं, मालवणजवळच्या एका घरगुती उत्पादकाच्या कोकम आगळाच्या बाटलीचं लेबल. दुसरं, एसटी स्थानकावरच्या वेळापत्रकाच्या फलकाची नवी मांडणी. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिने स्वतःहून केलं. तिसरं, एका दिवाळी अंकाच्या आतल्या पानांची मांडणी.

क्रमही विचाराने लागतो. येणाऱ्या ग्राहकाच्या कामाशी सर्वांत जवळचं काम पहिलं. बेदाण्याच्या पाकिटाला आगळाची बाटली जवळची. स्वतःहून केलेलं काम मधे. सुरुवातीला ठेवलं तर ‘हिच्याकडे खरी कामं नाहीत’ असं वाटतं, आणि शेवटी ठेवलं तर संपर्काच्या पानाच्या अगदी आधी मनात शंका राहते. शेवटी पुन्हा पैसे घेऊन केलेलं काम, शक्यतो ग्राहकाचे दोन शब्द असलेलं.

पानांची वाटणीही समान नको. मुखपृष्ठ एक, आगळाला पाच पानं, फलकाला तीन, अंकाला चार, संपर्काला एक. एकूण चौदा. तिन्ही कामांना मोजून चार-चार पानं दिली की कुठे तरी पान भरण्यासाठी भरलं जातं, आणि ते लगेच दिसतं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी चार वाक्यं

प्रत्येक कामासाठी एका कागदावर चार वाक्यं लिहा. काय अडलं होतं. मी काय ठरवलं. तेच का ठरवलं. त्यानंतर काय बदललं. खाली पाचवी ओळ: यात माझं काम कोणतं आणि दुसऱ्यांचं कोणतं.

आगळासाठी ही वाक्यं अशी झाली. ‘कोकणाबाहेरचे लोक आगळ हे कोकम सरबत समजून पाण्यात घालून प्यायचे, खारट लागलं की मालकिणीला फोन करायचे, शिवाय फ्रिजमध्ये लेबल सुटायचं. मी पदार्थाचा उपयोग नावाइतकाच ठळक पुढच्या बाजूला आणला आणि लेबलाचा कागद बदलला. कारण ग्राहक दुकानात बाटली फिरवून मागचं वाचत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तसे फोन कमी झाले आणि मालकिणीने तेच लेबल पुन्हा छापून घेतलं. फोटो आणि लेबलाची मांडणी माझी, पदार्थाची माहिती मालकिणीची, छपाई कोल्हापुरात.’

या चार वाक्यांत ‘आधुनिक’, ‘आकर्षक’, ‘प्रीमियम’ हे शब्द कुठेच आलेले नाहीत. तुमच्या कागदावर ते आले, तर त्या जागी नेमकं काय घडलं ते शोधून लिहा. चौथं वाक्य सुचतच नसेल तर काम बदला, किंवा ग्राहकाला फोन करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

साहित्य गोळा करा, आणि परवानगी घ्या

कच्चं साहित्य बहुतेकांचं हरवलेलं असतं, म्हणून ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते. आधीचं जुनं लेबल, त्याचा फोटो, वहीतली रेखाटनं, नाकारलेले पर्याय, छापखान्यातलं प्रूफ, दुकानातल्या फळीवरचा फोटो. रेखाटन नंतर ‘प्रक्रियेसाठी’ नव्याने काढून टाकू नका. काम झाल्यावर काढलेलं रेखाटन संशयास्पद नीटनेटकं असतं. मूळ वहीचं खाडाखोड असलेलं पान खिडकीपाशी धरून मोबाईलवर फोटो काढलात तरी पुरे.

तयार मॉकअपऐवजी खऱ्या वस्तूचा फोटो वापरा. मॉकअपमधली बाटली कुठल्यातरी परदेशी आकाराची असते, तिच्यावर लेबल सुरकुती न पडता बसतं, आणि छपाईत रंग कसा उतरला हे त्यात दिसत नाही. व्यापाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं. दिवसाच्या उजेडात, खिडकी बाटलीच्या एका बाजूला येईल अशी ठेवून, दुसऱ्या बाजूने पांढरा पुठ्ठा धरला की सावली पुरेशी हलकी होते.

जुन्या ग्राहकाला एक निरोप पाठवा: ‘ताई, तुमच्या आगळाच्या लेबलाचं काम मला माझ्या कामांच्या फाइलमध्ये दाखवायचं आहे. जुन्या आणि नव्या लेबलाचा फोटो आणि फोन कमी झाल्याचं एक वाक्य असेल. किंमत, परवाना क्रमांक दाखवणार नाही. चालेल ना?’ उत्तर जपून ठेवा. करारात गुप्ततेची अट असेल तर असा निरोपही पुरत नाही; ते काम सोडून द्या.

झाकायची गोष्ट खरोखर झाकली गेली पाहिजे. परवाना क्रमांकावर काळी पट्टी ठेवून पीडीएफ केली, तर ती पट्टी वेगळी वस्तू म्हणून फाइलमध्ये राहू शकते आणि उचलून काढता येते. आधी फोटोतूनच तो भाग कापा किंवा फोटोवर रंग भरून तो जेपीजी म्हणून नव्याने जतन करा, मग डेकमध्ये आणा.

पानाचा आकार आणि अक्षराचं माप

पान १९२० × १०८० पिक्सेलचं घ्या, म्हणजे १६:९. बैठकीत लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर ते पूर्ण भरतं. अडचण होते ती उभ्या धरलेल्या मोबाईलवर. तिथे हे आडवं पान जेमतेम सात सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीत बसतं. साधारण मोबाईलची रुंदी ३६० एककं धरली, तर १९२० चं पान पाच पटींहून जास्त लहान होतं. लॅपटॉपवर छान दिसणारं २४ पिक्सेलचं अक्षर मोबाईलवर साडेचार एककांचं उरतं, म्हणजे वाचता येत नाही. ४८ पिक्सेलचं अक्षर नऊ एककांचं होतं. ते जवळ धरून वाचता येतं. म्हणून या डेकमध्ये ४८ पेक्षा लहान अक्षर कुठेही नको, फोटोखालच्या ओळीतसुद्धा नको. मथळे ९० च्या आसपास.

एवढ्या मोठ्या अक्षरात एका पानावर तीस-पस्तीस शब्दच नीट मावतात. हे बंधन उपकारकच आहे. मावत नाही म्हणून अक्षर लहान करायचं नाही, वाक्य कापायचं.

देवनागरीसाठी मुक्त आणि भरवशाचा फॉन्ट हवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ चांगला चालतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या त्यात एकमेकींशी जुळलेल्या आहेत आणि तो फुकट मिळतो. साधा आणि ठळक अशी दोनच वजनं वापरा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी दोघांनाही जागा लागते.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीतून कॉपी केला असेल, तर तो चिटकवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या पर्यायांत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला आहे ना, ते बघा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. तपासायला ‘महाराष्ट्र’, ‘दुसऱ्या’, ‘स्थिती’, ‘वृद्धी’ हे चार शब्द टाईप करून बघितले की दोष लगेच कळतो. स्वतःच्या पोर्टफोलिओत फुटलेलं जोडाक्षर असेल, तर लेबल करायला कुणी का द्यावं?

डेक मराठीत की इंग्रजीत? तासगावला जाणारा मराठीत. मुंबईच्या कंपनीसाठी वेगळा इंग्रजी करा. एकाच पानावर दोन्ही भाषा ठेवल्या की दोन्ही लहान होतात.

पहिलं काम: आगळाची पाच पानं

*पहिलं पान.* बाटलीचा एकच मोठा फोटो, पान भरून. वर ‘कोकम आगळ: बाटलीचं लेबल’. खाली एक ओळ: काम काय होतं, कोणत्या वर्षी झालं आणि माझा वाटा कोणता.

*दुसरं पान.* जुन्या लेबलाचा फोटो आणि त्यावर फक्त दोन खुणा. एका खुणेपाशी: ‘आगळ की सरबत, हे समोरून कळत नाही.’ दुसरीपाशी: ‘फ्रिजमधून काढलं की कडा सुटतात.’ जुन्या लेबलात आणखी दहा चुका असतील, त्या मोजून दाखवू नका. ते लेबल मालकिणीच्या भाच्याने केलेलं असू शकतं, आणि बेदाणा व्यापाऱ्याचं आत्ताचं पाकीटही तसंच कुणीतरी केलेलं असतं. जुन्या कामाची खिल्ली उडवणारा डिझायनर त्याला परका वाटतो.

*तिसरं पान* पहिल्या निर्णयाचं, आणि सगळ्या डेकमधलं हेच पान सर्वांत महत्त्वाचं. तीन लहान चित्रं शेजारी शेजारी: दोन नाकारलेली, एक स्वीकारलेलं. प्रत्येकाखाली एक वाक्य. पहिल्याखाली: ‘लाल कोकमाचं फळ: सरबताच्या बाटल्यांवरही हेच असतं, गोंधळ तसाच राहतो.’ दुसऱ्याखाली: ‘गडद लाल लेबल: आगळ काचेतूनच गडद दिसतं, लेबल त्यात बुडतं.’ तिसऱ्याखाली: ‘फिकट लेबल, नावाखाली त्याच जाडीत: खारट अर्क. सोलकढी आणि आमटीसाठी.’

नाकारलेले पर्याय दाखवायला डिझायनर कचरतात. पण ग्राहकाला तुमची विचार करण्याची पद्धत दिसते ती इथेच. रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या भिंतीचा फोटो, किंवा ‘संशोधन, कल्पना, रचना, पूर्तता’ अशा चार वर्तुळांची बाणांनी जोडलेली आकृती हा प्रक्रियेचा पुरावा नव्हे. ती आकृती कुणाच्याही डेकमध्ये चालते. आगळाबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही.

याच पानावर कायद्याने लागणाऱ्या मजकुराचा उल्लेख एका ओळीत करता येतो. शाकाहारी असल्याची हिरवी खूण, निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी, बॅच, तारीख, घटक आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक हे सगळं पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या लेबलावर यावं लागतं. त्यातलं काय पुढे ठेवलं आणि काय मागे नेलं, हे दाखवलंत तर खाद्यपदार्थ विकणारा माणूस सुटकेचा श्वास सोडतो, कारण छापलेली लेबलं रद्द होण्याची भीती त्यालाही असते.

*चौथं पान* दुसऱ्या निर्णयाचं: कागद. कागदी स्टिकर ओलाव्याने फुगतं, त्याच्या कडा उचलल्या जातात. त्याऐवजी प्लास्टिकच्या पातळ फिल्मचं स्टिकर घेतलं. फोटो दोन: दोन्ही प्रकारची लेबलं लावलेल्या बाटल्या रात्रभर बर्फाच्या पाण्यात ठेवल्या, सकाळी काढल्या. शेजारी शेजारी. फिल्मचं स्टिकर महाग पडतं हेही पानावर लिहा, आणि मालकिणीने ते का मान्य केलं तेही: बाटली महिनाभर फ्रिजमध्ये राहते, तेवढे दिवस नाव दिसायला हवं.

*पाचवं पान* परिणामाचं. डावीकडे दुकानातल्या फळीवर नवी बाटली. उजवीकडे मोठ्या अक्षरांत: ‘“खारट लागतं” असे फोन: आधीच्या उन्हाळ्यात १९, नंतरच्या उन्हाळ्यात ४.’ खाली: ‘नोंद उत्पादकाच्या वहीतली.’

आकड्याखाली तो कुठून आला हे लिहिलं नाही, तर तो आकडा नसलेलाच बरा. ‘विक्री ४० टक्के वाढली’ असं तर मुळीच लिहू नका, मालकिणीने तसं सांगितलं असलं तरी. आगळाची विक्री उन्हाळ्यावर, पर्यटकांवर, नव्याने मिळालेल्या दुकानांवर अवलंबून असते. व्यापारी माणसाला हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तो मनात म्हणतो, लेबलानेच विक्री वाढते तर आम्ही गोदामं कशाला बांधली? लेबलामुळेच बदलू शकेल अशी गोष्ट मोजा: गैरसमजाचे फोन, सुटलेली लेबलं, दुकानदाराने परत केलेला माल.

ही माहिती मिळवायची कशी? काम दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी फोन करून तीन गोष्टी विचारा. आधी जी अडचण होती ती आता किती वेळा येते? हेच लेबल पुन्हा छापलं का, की काही बदललं? दुसऱ्या उत्पादनासाठी तीच मांडणी वापरली का? आकडा मिळाला नाही तरी ‘तेच लेबल न बदलता दुसऱ्यांदा छापलं’ हा स्वच्छ परिणाम आहे. ग्राहक स्वतःचे पैसे पुन्हा त्यावर घालतो, यापेक्षा मोठी शिफारस नसते.

दुसरं काम: फलकाची तीन पानं

स्वतःहून केलेल्या कामाच्या पहिल्याच पानावर, फोटोच्या वर, लहान न करता लिहा: ‘स्वतःहून केलेला अभ्यास. महामंडळाने दिलेलं काम नाही.’ महामंडळाचं बोधचिन्ह अशा प्रकारे लावू नका की महामंडळच ग्राहक वाटेल. हा खुलासा नसेल आणि ग्राहकाने बैठकीत विचारलं, तर पुढची-मागची दोन्ही कामं खोटी वाटू लागतात.

मधल्या पानावर पुन्हा एकच निर्णय. वेळापत्रक सुटण्याच्या वेळेप्रमाणे लावायचं की गावाच्या नावाप्रमाणे? प्रवासी स्थानकात येतो तो मनात गावाचं नाव घेऊन. वेळ त्याला फलकावरून शोधायची असते. म्हणून गावं वर्णानुक्रमे, आणि प्रत्येक गावासमोर दिवसभराच्या वेळा एका ओळीत. दोन्ही मांडण्या ए३ कागदावर छापल्या.

ग्राहक नाही म्हणून परिणाम नाही, असं नसतं. आपल्या डिझायनरने दहा प्रवाशांना थांबवून विचारलं, ‘दुपारी दोननंतरची गडहिंग्लजची पहिली गाडी कोणती?’ आणि मोबाईलवर वेळ मोजली. तिसऱ्या पानावर तिने लिहिलं: ‘दहापैकी आठ जणांना नव्या मांडणीत उत्तर आधी सापडलं.’ त्याखाली: ‘दोघांनी “मार्गे” लिहिलेलं गाव शेवटचं गाव समजलं. पुढच्या आवृत्तीत ते फिकट आणि दुसऱ्या रकान्यात.’ दहा माणसं हा लहान नमुना आहे. तोच आकडा स्पष्ट दिला की टक्क्यांत लपवल्यासारखं होत नाही. आणि चुकलेल्या दोघांची ओळ काढून टाकू नका. बैठकीत पहिला प्रश्न बहुधा तिच्यावरच येईल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे.

तिसरं काम: अंकाची चार पानं

इथे फार वेळ घालवायला नको, पण एक सापळा आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ देखणं असतं आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या चित्रकाराचं असतं. ते पान भरून लावलं तर बघणारा ते तुमचंच समजतो. आतल्या दोन पानांचा उघडलेला फोटो मोठा लावा. मुखपृष्ठ कोपऱ्यात लहान, चित्रकाराच्या नावासह. नाव लिहिण्याआधी त्यांनाही विचारा.

प्रक्रियेचं पान एकाच प्रश्नाचं. अंक २०८ पानांचा होत होता, म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे. संपादकांना बारा हवे होते, पण अक्षर लहान करायचं नव्हतं. अंकाचा वाचक वयस्क. मजकुराची पानं १६०, बाकी ४८ जाहिराती आणि चित्रं. अक्षर तेच तेरा पॉइंट ठेवून ओळींमधलं अंतर वीसवरून अठरा पॉइंट केलं तर मजकूर दहा टक्के आटतो, १६० ची १४४ पानं होतात आणि एक फर्मा वाचतो. पण अठरा पॉइंटवर आधीच्या फॉन्टमध्ये वरच्या ओळीतला ‘दू’ किंवा ‘कृ’ खालच्या ओळीतल्या रफार-अनुस्वाराला टेकत होता. म्हणून मात्रा आणि उकार आटोपशीर असलेला फॉन्ट निवडला. पानावर हे गणित मांडू नका. दोन परिच्छेद चांगले मोठे करून शेजारी दाखवा, टेकलेल्या जागेवर एक गोल काढा, आणि खाली एक ओळ लिहा. गणित तोंडी सांगायला ठेवा.

परिणाम: ‘२०८ पानांऐवजी १९२. अक्षराचा आकार तोच.’ आणि संपादकांचं एक वाक्य, त्यांच्याच शब्दांत, त्यांनी दिलेल्या परवानगीने. स्तुतीपर वाक्यापेक्षा ‘प्रूफं वेळेवर आली, शेवटच्या दिवशी बदल कमी निघाले’ असं वाक्य जास्त उपयोगी पडतं. व्यापाऱ्यालाही वेळेचीच चिंता असते.

मुखपृष्ठ आणि संपर्काचं पान शेवटी करा

मुखपृष्ठावर तुमचं नाव, गाव आणि कामाचं एक वाक्य: ‘खाद्यपदार्थांची लेबलं, पाकिटं आणि छपाईची मांडणी.’ खाली तुमच्या हातच्या कामाचा एक फोटो. ‘माझ्याविषयी’ असं वेगळं पान नको. तुम्हाला लहानपणापासून चित्रं काढायला आवडायचं हे गोदामातल्या माणसाला आत्ता नको आहे.

संपर्काच्या पानावर ‘धन्यवाद’ हा शब्द पान भरून लिहिण्याची पद्धत पडली आहे. तो काढा आणि ती जागा माहितीला द्या. नाव, फोन, ईमेल, शहर. फोनजवळ ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सात, व्हॉट्सॲपही चालेल’. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, म्हणजे परराज्यातल्या माणसालाही तो वाचता येतो. पीडीएफमध्ये नंबर आणि ईमेल दाबता येण्यासारखे करा. त्यासाठी त्या अक्षरांना असे दुवे द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
mailto:naav@example.com
```

`wa.me` नंतर ९१ आणि दहा आकडे, मधे जागा नाही, अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीचं शून्य नाही. यातलं एक चुकलं तरी दुवा न उघडण्याचा धोका असतो. दुवा दिला तरी नंबर डोळ्यांना दिसेल असा लिहाच. कुणी पानाचा स्क्रीनशॉट काढून भागीदाराला पाठवतो, आणि त्यात दुवा जात नाही. क्यूआर कोड या पानावर निरर्थक आहे. डेक मोबाईलवरच उघडलेला असताना त्याच मोबाईलचा कॅमेरा त्यावर कसा धरायचा? छापील प्रत देणार असाल तेव्हा तो घाला.

याच पानाच्या उजव्या अर्ध्यात लिहा: ‘चौकशी करताना एवढं कळवा.’ मग चार गोष्टी: पदार्थ आणि पाकिटाचं माप, किती नग छापायचे, कधी हवं, आणि आत्ताच्या पाकिटाचा फोटो. याने फायदा दोघांचा होतो. समोरच्याला निरोपात काय लिहावं हा प्रश्न उरत नाही, आणि तुम्हाला पहिल्याच फोनवर दर सांगण्याइतकी माहिती मिळते. दर मात्र डेकमध्ये छापू नका. पीडीएफ एकाकडून दुसऱ्याकडे वर्षानुवर्षं फिरते, आणि तीन वर्षांपूर्वीचा दर तुमच्यापुढे धरला जातो.

पीडीएफ काढा, मग ती मोडून बघा

पीपीटीची फाइल पाठवू नका. समोरच्याच्या यंत्रावर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसराच लागतो आणि ओळी तुटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलसोबत जातो. तो खरंच गेला का हे ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या गुणधर्मांत `Fonts` या भागात दिसतं. नावापुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` असं हवं.

छपाईची मूळ फाइल सीएमवायके रंगांत असते. तिचे फोटो तसेच डेकमध्ये आणले तर काही मोबाईलवर लाल मळका, हिरवा निस्तेज दिसतो. सगळी चित्रं आरजीबी करून घ्या आणि १९२० पिक्सेलपेक्षा रुंद ठेवू नका. चौदा पानांची फाइल मग आठ एमबीच्या आत सहज बसते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण खरी मर्यादा गोदामातल्या नेटची असते. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानांचे फोटो करून पाठवले तर ते दाबले जातात आणि अक्षरांच्या कडा फाटतात. फाइलचं नाव `final-new-3.pdf` नको. `aadnav-label-packaging.pdf` असं ठेवा, म्हणजे महिन्याने शोधली तरी सापडते.

पाठवण्याआधी दोन तपासण्या. पहिली: घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर, तो उभा धरून, चष्म्याचा नंबर असलेल्या माणसाला वाचायला द्या. दुसरी: डिझाइनशी संबंध नसलेल्या कुणाला तरी डेक दोन मिनिटं चाळू द्या, परत घ्या आणि विचारा, ‘बाटलीच्या कामात मी काय केलं?’ उत्तर ‘छान रंग वापरलेस’ असं आलं तर आगळाचं तिसरं पान पुन्हा करा. उत्तर ‘ते सरबत नाही, हे पुढेच लिहिलंस’ असं आलं तर डेक तयार आहे.

तासगावला पाठवताना सोबत लांबलचक परिचय नको. दोन ओळी पुरेत: ‘नमस्कार, अमुक यांनी तुमचा नंबर दिला. तुमच्या बेदाण्याच्या पाकिटाशी जवळचं काम पान २ ते ६ वर आहे.’ पान क्रमांक जरूर द्या. बहुतेक ग्राहक तेवढीच पानं बघतात आणि मग थेट शेवटच्या पानावर जातात.